बाद झालेल्या अर्जांचा गठ्ठा : एका शिष्यवृत्तीच्या जाहिरातीचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक जुना धर्मादाय ट्रस्ट आहे. ठेवींचं व्याज आणि काही देणगीदारांची मदत यातून तो दरवर्षी तालुक्यातल्या ४० मुलामुलींना प्रत्येकी १५,००० रुपये देतो. दहावी किंवा बारावी करून डिप्लोमाच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांसाठी ही शिष्यवृत्ती असते. २०२४ साली अर्ज भरपूर आले, पण छाननीत इतके बाद झाले की दहा-बारा जागा रिकाम्या राहिल्या. गरजू मुलंच आता उरली नाहीत, असा विश्वस्तांचा समज झाला. कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल मी सांभाळते, त्यामुळे पुढच्या वर्षीची जाहिरात काढण्याआधी एकदा नजर टाका म्हणून त्यांनी मला बोलावलं.

बाद अर्जांचा गठ्ठा चाळला. मुलं गरजूच होती. त्यांना बाहेर काढलं होतं ते पोस्टरखाली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या या मजकुरानं :

> गरीब, गरजू व होतकरू विद्यार्थ्यांसाठी सुवर्णसंधी! १०वी/१२वीत ७५% पेक्षा जास्त गुण आवश्यक. वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत. पिवळे अथवा केशरी रेशनकार्ड अनिवार्य. इतर कोणतीही शिष्यवृत्ती घेणारे अपात्र. सर्व आवश्यक कागदपत्रांसह अर्ज करावा. अंतिम तारीख ३१ जुलै. निवडीचे सर्व अधिकार विश्वस्त मंडळाकडे राखीव.

वाचायला यात काही वावगं वाटत नाही. अशा जाहिराती आपण दर जून-जुलैत पाहतो. पण अर्जदाराच्या जागी बसून एकेक वाक्य घेतलं की कुठे काय अडलं ते कळतं.

सगळ्यात जास्त अर्ज पडले ते उत्पन्नावर. ‘वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत’ म्हणजे कुणाचं, कुठल्या वर्षाचं आणि ते कुणी लिहून दिलेलं चालेल, यातलं काहीच जाहिरातीत नव्हतं. कुणी सरपंचांचं पत्र जोडलं होतं, कुणी तलाठ्यानं दिलेला कागद. तलाठ्याचा अहवाल ही उत्पन्नाच्या दाखल्यामागची पायरी आहे. खुद्द दाखला तहसीलदारांच्या सहीनं निघतो. ज्यांच्याकडे तहसीलदारांचा दाखला होता, त्यातल्या बऱ्याच जणांचा जानेवारी-फेब्रुवारीत काढलेला होता. एका वर्षाच्या दाखल्यावर खाली लिहिलेलंच असतं, की तो अमुक साली ३१ मार्चपर्यंत वैध आहे. जुलैत तो जोडला की छाननी करणारा ‘मुदतबाह्य’ असा शेरा मारून बाजूला ठेवतो. मुलाला वाटतं, दाखला तर याच वर्षातला आहे. त्याच्या दृष्टीनं वर्ष जानेवारीला सुरू होतं, दाखल्याच्या दृष्टीनं एप्रिलला. जाहिरातीत ‘१ एप्रिलनंतर काढलेला, तहसीलदारांचा’ एवढे चार शब्द असते तर ही मुलं सेतू केंद्रात जाऊन नवा दाखला काढून आली असती. लोकसेवा हक्क कायद्याखाली उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. म्हणजे हातात तीन आठवडे असले तरी काम होतं, पण नवा दाखला लागणार हे आधी कळायला हवं.

रेशनकार्डाची अट त्याहून वाईट होती, कारण ती उत्पन्नाच्या अटीलाच छेद देत होती. महाराष्ट्रात केशरी कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला एक लाख आहे, त्यावर पांढरं कार्ड. एखाद्या घराचं उत्पन्न १ लाख ८० हजार असेल आणि त्यांनी प्रामाणिकपणे पांढरं कार्ड करून घेतलं असेल, तर ते ट्रस्टच्या अडीच लाखांच्या आत बसतं आणि तरीही बाद होतं. उलट पूर्वीचं केशरी कार्ड तसंच ठेवलेलं, आज बऱ्यापैकी कमावणारं घर आत येतं. गठ्ठ्यात पांढऱ्या कार्डाची अशी कितीतरी घरं होती : खाजगी बसचा ड्रायव्हर, सहकारी सोसायटीतला शिपाई, शिवणकाम करणारी आई. रेशनकार्ड रहिवासाचा पुरावा म्हणून घ्यायला हरकत नाही, पण गरिबी मोजायला ते वापरू नये, असं मी सांगितलं. विश्वस्तांनी लगेच मान्य केलं. ही अट कधी आणि का आली, ते त्यांच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं.

खरा वाद झाला तो ‘इतर कोणतीही शिष्यवृत्ती घेणारे अपात्र’ यावर. ट्रस्टच्या सचिवांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, “मॅडम, सरकारनं मुलींची फी माफ केली आहे. मुलांना महाडीबीटीवरून अर्धी फी मिळते. मग आपले पंधरा हजार ज्याला काहीच मिळत नाही त्याला का देऊ नयेत?”

मी त्यांना एक अर्ज दाखवला. मुलगी इंजिनीअरिंगला पुण्याला गेलेली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्यात ही मुलगी बसत होती. पण माफी झाली ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. हॉस्टेल, मेस, प्रवास, ड्रॉइंगचं साहित्य, कॉलेजची इतर किरकोळ शुल्कं हे सगळं घरावरच. अर्जात दिलेल्या हिशेबाप्रमाणे राहणं-जेवण महिन्याला ७,००० रुपये, दहा महिन्यांचे ७०,००० आणि वर ९,००० कॉलेजला. वडील नाहीत, आई शेतमजुरी करते, धाकटी दोघं शाळेत. ट्रस्टनं तिला ‘शासनाचा लाभ घेते’ म्हणून बाद केलं होतं. तिच्या घराला वर्षाला ७९,००० रुपये उभे करायचे होते आणि सरकारी मदत मिळाल्यानंतरचा हा आकडा होता.

माझ्या मते या एका ओळीनं ट्रस्टचं सर्वात जास्त नुकसान केलं. आज महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षण घेणारं जवळजवळ प्रत्येक गरीब मूल कुठल्या ना कुठल्या सरकारी योजनेत नाव लावतंच, लावायलाच हवं. त्यामुळे ही अट प्रामाणिकपणे पाळणारी मुलं गळतात आणि जी माहिती लपवतात ती राहतात. विचारायचं ते वेगळं : मिळालेली सगळी मदत वजा जाता घरावर किती खर्च पडतो? सरकारी मदत घेणारे पात्र. ती किती मिळाली ते अर्जात लिहायचं. एकाच खर्चासाठी दुसऱ्या खाजगी ट्रस्टकडून पूर्ण रक्कम मिळालेली असेल तर मात्र नाही. सचिवांना हे पटलं, तरी लपवलेलं कळणार कसं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यासाठी अर्जात हमीपत्र ठेवलं आणि खोटं आढळल्यास पुढचा हप्ता थांबेल असं लिहिलं. यापलीकडे ट्रस्टच्या हातात फारसं काही नाही.

‘सर्व आवश्यक कागदपत्रांसह’ या शब्दांचं काय होतं, ते मी माझ्या टेबलावर रोज पाहते. मूल घाबरून सगळंच जोडतं. गठ्ठ्यात जातीचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचं प्रमाणपत्र, आईवडिलांच्या आधारच्या झेरॉक्स, एका अर्जात तर वीजबिलही होतं. आणि नेमकं जे हवं, ते चालू वर्षाचं बोनाफाईड नव्हतं. शिष्यवृत्तीला जातीची अट नसताना जातीचे दाखले गोळा करून ट्रस्टच्या कपाटात ठेवणं मला योग्य वाटत नाही. आधारचंही तसंच. ओळख पटवायला मास्क्ड आधार पुरतं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करता येतं. नव्या यादीत मोजकेच कागद ठेवले आणि लागेल तिथे तो कुणाचा, कुठल्या तारखेचा हे लिहिलं. बँकेच्या कागदाबाबत एक गोष्ट मुद्दाम घातली : खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि चालू स्थितीतलं हवं. शाळेत असताना उघडलेल्या खात्यात दोन वर्षं काही व्यवहार नसला की बँक ते निष्क्रिय करते, मग ट्रस्टनं पाठवलेले पैसे परत येऊ शकतात आणि मूल दोन महिने चौकशी करत फिरतं. अर्ज करण्याआधी खात्यात शंभर रुपये भरून पाहिले, तर हा घोळ आधीच लक्षात येतो.

आता तारीख. ३१ जुलै कुणीतरी सोयीनं ठरवली होती, आणि ती दरवर्षी तशीच पुढे चालली होती. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो हे खरं. २०२५ ला तर तो ५ मेलाच लागला. पण इंजिनीअरिंग, फार्मसीच्या कॅप फेऱ्या ऑगस्ट उलटेपर्यंत चालू असतात. जुलैअखेर बोनाफाईड आणि फीची पावती मागणं म्हणजे उशिरा प्रवेश होणाऱ्या सगळ्यांना आधीच वगळणं. त्यामुळे २०२४ च्या यादीत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चीच मुलं जास्त होती, याचं विश्वस्तांना आश्चर्य वाटत होतं. आश्चर्य वाटण्यासारखं त्यात काही नाही, कारण त्या तारखेला कागद त्यांच्याच हातात असतात.

पुढे ढकलायची तर किती, यावर बराच खल झाला. गणपतीत तारीख नको, कारण त्या दिवसांत ना कॉलेजचं ऑफिस नीट चालतं ना सेतू. फार लांबवली तर पैसे हातात पडेपर्यंत पहिलं सत्र संपतं. शेवटी २०२५ साठी असं ठरलं : जाहिरात १ ऑगस्टला, अर्ज ३० सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी ५ पर्यंत, आणि शेवटच्या फेरीत प्रवेश झालेल्यांना बोनाफाईड व पावती १५ ऑक्टोबरपर्यंत मागाहून देता येईल. मुलाखती दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावरच्या शनिवार-रविवारी, २५ आणि २६ ऑक्टोबरला. बाहेरगावी शिकणारी मुलं तेव्हा घरी असतात, मुलाखतीसाठी पुण्याहून यायचं भाडं पडत नाही. यादी १० नोव्हेंबरला.

तारखेबरोबर वर्ष लिहायचं, हेही ठरलं. ‘अंतिम तारीख ३१ जुलै’ असं पोस्टर एकदा ग्रुपवर गेलं की ते दर जुलैत नव्यानं फिरतं. २०२५ च्या जूनमध्येच ट्रस्टला आदल्या वर्षीच्या पोस्टरवरून फोन येऊ लागले होते. चित्र पुढे पाठवताना खालचा मजकूर गळण्याची शक्यता असते, म्हणून वर्ष, शेवटची तारीख आणि ट्रस्टचा नंबर चित्रातही टाकला आणि मजकुरातही.

राहिली निवड. ‘सर्व अधिकार राखीव’ हे वाक्य विश्वस्तांना संरक्षण वाटत होतं. गावात त्याचा अर्थ वेगळा लागतो : यांचं आधीच ठरलेलं असतं. अशा समजुतीमुळे काही चांगली मुलं अर्जच करत नाहीत, हे मला माझ्या वर्गातल्या मुलांच्या बोलण्यातून माहीत होतं. म्हणून गुणांकन उघड करायचं ठरलं. शंभर गुण. घरच्या परिस्थितीला ४०, मदत वजा जाता उरणाऱ्या खर्चाला ३०, परीक्षेतल्या गुणांना २० आणि मुलाखतीला १०. खर्चाचा हिशेब सोपा ठेवला, दर ३,००० रुपयांना एक गुण, जास्तीत जास्त ३०. परीक्षेची किमान अट ७५ वरून ६० टक्क्यांवर आणली आणि ६० च्या वर दर दोन टक्क्यांना एक गुण. परिस्थितीचे ४० गुण दाखल्यावरच्या आकड्यावरून एकट्यानं कुणी द्यायचे नाहीत. शेतकरी किंवा मजुराच्या दाखल्यावरचं उत्पन्न हा अंदाज असतो आणि पगारदाराच्या दाखल्यावरचं जवळजवळ पगारपत्रकच. दोन्ही एकाच मापानं मोजले तर पगारदार शिपाई हरतो आणि बागायतदार जिंकतो. म्हणून कमावणारी माणसं किती, शिकणारी किती, घरात आजारपण किंवा कर्ज आहे का, घर आणि जमीन कशी आहे, हे दोन स्वयंसेवकांनी घरी जाऊन पाहायचं आणि दोघांनी स्वतंत्र गुण द्यायचे, त्यांची सरासरी धरायची. स्वयंसेवक त्या गावचे नसावेत.

जुन्या गठ्ठ्यातले दोन अर्ज काढून ही पद्धत ताडून पाहिली. पुण्याला गेलेल्या त्या मुलीला बारावीत ६८ टक्के होते. परिस्थितीचे ३४, खर्चाचे २६, परीक्षेचे ४. मुलाखत सोडून ६४. दुसरा मुलगा तालुक्याच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला, बारावीत ८९ टक्के, वडील ग्रामपंचायतीत नोकरीला. वर्षाचा खर्च पंधरा हजारांच्या आसपास. परिस्थितीचे २४, खर्चाचे ५, परीक्षेचे १४, एकूण ४३. २०२४ च्या नियमांनी मुलाला शिष्यवृत्ती मिळाली होती आणि मुलगी पहिल्याच छाननीत गेली होती, गुणांवरही आणि फीमाफीवरही.

एक ज्येष्ठ विश्वस्त मात्र अस्वस्थ झाले. ८९ टक्के मिळवणाऱ्या मुलाला आपण काहीच देणार नाही का, असं त्यांनी विचारलं आणि तो प्रश्न बरोबरच होता. गावातल्या कॉलेजात राहून इतके गुण मिळवणं सोपं नाही. त्यातून मधला मार्ग निघाला : उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांमधून ५ जागा निव्वळ गुणांवर, उरलेल्या ३५ गुणांकनावर. मी स्वतः तीनच ठेवल्या असत्या, पण निर्णय त्यांचा होता आणि तो जाहिरातीत लिहिला जाणार होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक अपात्र, ही ओळ मात्र मी आग्रहानं घालायला लावली. ती नुसती सभ्यता नाही. विश्वस्तांच्या नातेवाइकांना ट्रस्टच्या पैशाचा लाभ गेला तर आयकरातली सवलत धोक्यात येते, आणि देणगीदारही सगळ्यात आधी हेच पाहतो.

२०२५ ला गेलेला मजकूर असा :

> शिष्यवृत्ती २०२५-२६ : ४० जागा, प्रत्येकी ₹१५,०००
> अर्जाची शेवटची तारीख : मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५, संध्या. ५
>
> कोणासाठी : आपल्या तालुक्याचे रहिवासी, २०२५-२६ मध्ये डिप्लोमा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला (कोणतीही शाखा) प्रवेश घेतलेले, १०वी किंवा १२वीत ६०% किंवा अधिक, आई-वडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न ₹२.५ लाखांपर्यंत. जातीची अट नाही. सरकारी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळत असली तरी अर्ज करा, रक्कम अर्जात लिहा.
>
> कागद (झेरॉक्स) : १) तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध २) १०वी/१२वीची गुणपत्रिका ३) या वर्षाचे बोनाफाईड ४) फी व हॉस्टेल/मेसच्या पावत्या ५) रेशनकार्ड (कोणत्याही रंगाचे) ६) मास्क्ड आधार व विद्यार्थ्याच्या नावाच्या, व्यवहार सुरू असलेल्या खात्याचे पासबुक. प्रवेश उशिरा झाला असल्यास क्र. ३ व ४ १५ ऑक्टोबरपर्यंत द्या.
>
> निवड : घरची परिस्थिती ४०, मदत वजा जाता खर्च ३०, परीक्षा २०, मुलाखत १०. ५ जागा फक्त परीक्षेतील गुणांवर. घरभेट होईल. मुलाखती २५-२६ ऑक्टोबर. निवड व प्रतीक्षा यादी १० नोव्हेंबरला कार्यालयात व याच ग्रुपवर. विश्वस्तांचे नातेवाईक अपात्र.
>
> अर्ज मोफत, ट्रस्टच्या कार्यालयात मिळेल. ट्रस्ट कोणाकडूनही पैसे किंवा ओटीपी मागत नाही. शंका असल्यास पोस्टरवरील नंबरवर, स. ११ ते ५.

पहिल्या दोन ओळींत रक्कम, वर्ष आणि तारीख आहे, कारण लांब मजकूर फोनवर दुमडला जातो आणि बरेच जण ‘आणखी वाचा’ दाबत नाहीत. ‘कोणत्याही रंगाचे’ हे दोन शब्द सचिवांनी घातले.

या वेळी बाद झालेले अर्ज कमी होते आणि जे झाले ते बहुतेक खऱ्या कारणानं झाले : तालुक्याबाहेरचे, दुसऱ्या वर्षाचे, उत्पन्न जास्त असलेले. तरी दोन गोष्टी सुटल्याच. ‘आई-वडिलांचे मिळून’ लिहिल्यामुळे वडील घर सोडून गेलेल्या एका मुलीला कळेना, की दाखला कुणाच्या नावाचा काढायचा. तिची आई कार्यालयात विचारायला आली म्हणून समजलं; जी आली नसतील त्यांचं कळायला मार्ग नाही. २०२६ च्या मजकुरात ‘आई किंवा वडील एकटेच सांभाळत असतील तर त्यांच्या एकट्याचे’ अशी ओळ घालायची आहे. दुसरी, ही रक्कम एकदाच मिळते की दरवर्षी, हे कुठेच लिहिलं नव्हतं. निवड झालेल्या निम्म्याहून अधिक मुलांनी मुलाखतीत तेच विचारलं. विश्वस्तांकडे उत्तर तयार नव्हतं, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना पुढेही मदत द्यायची तर नव्या जागा ४० राहणार नाहीत. ठेवींवरचं व्याज पाहून मार्चच्या बैठकीत ते ठरेल. नवीन मजकुरात ती ओळ पहिल्याच परिच्छेदात, रकमेच्या शेजारी येईल.